पाण्याची ओढाताण

अंड्यातला बलक बाजूला काढायचा, उरलेलं पांढरं मिठाच्या सौम्य पाण्यात हलक्या हाताने कालवायचं आणि फडक्यातून गाळून घ्यायचं. ताकाच्या निवळीसारखं पाणी मिळतं. त्यातलं दोन मिलिलिटर परीक्षानळीत घ्यायचं. शेजारच्या बाटलीत अमोनियम सल्फेटचं संपृक्त द्रावण असतं, म्हणजे ज्यात त्या मिठाचा आणखी एक कणही विरघळणार नाही असं. तेही दोन मिलिलिटर मोजून नळीत ओतायचं. ओतण्याआधी दोन्ही नितळ असतात. नळी एक-दोनदा हलवली की आत धुकं धरतं, धुक्याचे कण होतात, कणांचे पुंजके होतात आणि थोड्या वेळाने तळाशी पांढरा साका बसू लागतो.

ज्यांनी बी.एस्सी.ला किंवा मेडिकलच्या पहिल्या वर्षाला जीवरसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक केलं आहे, त्यांना ही अर्धसंपृक्तता चाचणी आठवत असेल. जर्नलमध्ये ‘पांढरा साका आला’ असं निरीक्षण लिहायचं, ‘ग्लोब्युलिन आहे’ असं अनुमान लिहायचं आणि नळी धुवायला टाकायची. मी बरीच वर्षं ही प्रात्यक्षिकं घेतली. मुलांना एक गोष्ट मुद्दाम करायला लावायचो. नळी धुण्याआधी त्यातलं थोडं दुसऱ्या नळीत घ्या आणि त्यात चौपट पाणी घाला. साका जवळजवळ सगळा विरघळतो. जे बाहेर आलं होतं ते पुन्हा आत जातं.

उकडलेल्या अंड्यावर कितीही पाणी ओता, त्याचं पुन्हा कच्चं पांढरं होत नाही. लिंबू पिळून फाडलेल्या दुधात पाणी घातलं म्हणून ते पुन्हा दूध होत नाही. उकडताना प्रथिनाची घडी मोडते. अमोनियम सल्फेटने बाहेर आलेल्या प्रथिनाची घडी मात्र शाबूत असते. ते एन्झाइम असेल तर पाण्यात परतल्यावर आपलं काम पुन्हा करू लागतं. म्हणजे मिठाने प्रथिनाला धक्का लावलेला नाही. त्याने जे काही केलं ते पाण्याला केलं. प्रयोगशाळेत याला ‘सॉल्टिंग आउट’ म्हणतात. मीठ घालून प्रथिनाला पाण्याबाहेर काढणं, एवढाच त्याचा अर्थ.

आधी थोडं मीठ हवंच

अंड्याचं पांढरं मिठाच्या पाण्यात का कालवायचं, साध्या पाण्यात का नाही, हे मला पुस्तकाने नाही, एका फसलेल्या प्रात्यक्षिकाने शिकवलं. सलाइनची बाटली रिकामी होती, वर्ग भरलेला होता. मी लॅबमधल्या मामांना म्हटलं, “डिस्टिल्ड वॉटरच घाला.” त्यांनी घातलं आणि प्रयोग सुरू होण्याआधीच चंबूतलं पाणी गढूळ झालं. मामा म्हणाले, “सर, चिमूटभर मीठ टाकून बघू का?” टाकलं. गढूळपणा बराच निवळला. काही चिकट तंतू तेवढे तरंगत राहिले, ते अंड्यातल्या ओव्होम्युसिनचे.

प्रथिनाचा रेणू म्हणजे एक मोठं, गुंडाळलेलं गाठोडं. त्याच्या पृष्ठभागावर काही जागी धन विद्युतभार असतो, काही जागी ऋण. पाण्याचे रेणू या भारित जागांभोवती गोळा होतात आणि गाठोडं पाण्यात तरंगत राहतं. पण शुद्ध पाण्यात एका रेणूचा धनभाराचा तुकडा शेजारच्या रेणूच्या ऋणभाराच्या तुकड्याला ओढू शकतो. ग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनांमध्ये ही ओढ एवढी असते की ती एकमेकांना चिकटून खाली बसतात. थोडं मीठ घातलं की सोडियम आणि क्लोराइडचे आयन या भारित तुकड्यांभोवती जमतात, मधे आड येतात आणि ओढ सैल पडते. प्रथिन विरघळतं. याला ‘सॉल्टिंग इन’ म्हणतात. म्हणून सलाइन ०.९ टक्क्याचं घ्यायचं.

तर थोडं मीठ प्रथिनाला पाण्यात घेतं आणि खूप मीठ त्याच प्रथिनाला पाण्याबाहेर काढतं. विद्राव्यतेचा आलेख आधी चढतो, माथ्यावर पोचतो आणि मग घसरतो. आपल्याला इथे रस आहे तो उताराच्या बाजूत.

मीठ मोजायचं कसं?

खूप मीठ म्हणजे किती? ग्रॅममध्ये मोजून चालत नाही, कारण सगळी मिठं सारख्या ताकदीची नसतात. पाण्यात विरघळल्यावर मिठाचे आयन होतात, आणि ज्या आयनावर भार जास्त त्याचा आजूबाजूच्या पाण्यावरचा आणि भारांवरचा प्रभावही जास्त. म्हणून रसायनशास्त्रात ‘आयनिक स्ट्रेंग्थ’ हे माप वापरतात. प्रत्येक आयनाची संहती घ्यायची, तिला त्याच्या भाराच्या वर्गाने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि निम्मी करायची:

I = ½ Σ c z²

स्वयंपाकाचं मीठ एका लिटरमध्ये एक मोल असेल तर सोडियमचा एक आणि क्लोराइडचा एक, दोघांवरही भार एकेकच. बेरीज दोन, निम्मी एक. अमोनियम सल्फेट एक मोल घेतलं तर अमोनियमचे दोन आयन मिळतात, त्यांचे दोन. सल्फेटवर भार दोन, त्याचा वर्ग चार. बेरीज सहा, निम्मी तीन. म्हणजे तेवढ्याच मोलमध्ये तिप्पट.

त्यात अमोनियम सल्फेट विरघळतंही भरपूर. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात त्याचं पाऊण किलोहून जास्त, ७६७ ग्रॅम मावतं. या संपृक्त द्रावणात लिटरमागे सुमारे ४.१ मोल मीठ असतं आणि आयनिक स्ट्रेंग्थ १२ च्या वर जाते. स्वयंपाकाच्या मिठाचं संपृक्त द्रावण सहाच्या आसपास अडतं. अंड्यातली ग्लोब्युलिनं स्वयंपाकाच्या मिठानेही खाली बसतात, पण अल्ब्युमिन बसत नाही. कितीही मीठ टाका, ते तळाशी तसंच पडून राहतं आणि अल्ब्युमिन वर मजेत विरघळलेलं असतं. सगळ्या प्रथिनांपर्यंत हात पोचवायचा तर स्वयंपाकघरातलं मीठ अपुरं पडतं.

आता त्या संपृक्त द्रावणात पाण्याची काय अवस्था असते ते बघू. ७६७ ग्रॅम अमोनियम सल्फेट म्हणजे ५.८ मोल, आणि प्रत्येकाचे तीन आयन, म्हणजे १७ मोलहून थोडे जास्त आयन. त्यांच्या वाट्याला एक लिटर पाणी, म्हणजे पाण्याचे ५५ मोल. भागाकार केला तर दर आयनामागे पाण्याचे जेमतेम तीन रेणू. सल्फेटच्या आयनाला मोकळेपणी मिळालं तर तो आपल्याभोवती याच्या कितीतरी पट पाणी गोळा करतो. इथे त्याचंच भागत नाही. उन्हाळ्यात वाडीवर टँकर यावा, पाणी तेवढंच असावं आणि हंडे चौपट झालेले असावेत, तशी ही स्थिती. अशा गर्दीत एका अवाढव्य प्रथिनाच्या वाट्याला मोकळं पाणी कुठून येणार?

प्रागमधली रांग

हाच विचार १८८८ मध्ये प्रागच्या फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी मांडला. हे औषधशास्त्रातले गृहस्थ. त्यांनी अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन घेतलं, वेगवेगळी मिठं घेतली आणि प्रत्येक मिठाचं कमीत कमी किती प्रमाण झाल्यावर द्रावण गढूळ होतं ते मोजलं. त्यातून मिठांची एक रांग तयार झाली. सल्फेटची मिठं पुढे, म्हणजे थोडक्यात काम करणारी. त्यांच्या मागे अॅसिटेट, मग क्लोराइड, मग नायट्रेट. पुढच्या काळात या रांगेच्या शेपटाशी थायोसायनेट येऊन बसलं. ते प्रथिनाला बाहेर काढायचं सोडून उलट त्याची घडीच सैल करतं. हॉफमाइस्टरचं स्पष्टीकरण असं होतं की काही मिठं पाणी जास्त ओढून घेतात, म्हणून प्रथिन उघडं पडतं.

या रांगेमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. आयनिक स्ट्रेंग्थ सारखी ठेवून दोन मिठं वापरली तरी परिणाम सारखा येत नाही. भाराचा हिशेब बरोबर असला तरी तो अर्धाच हिशेब आहे. उरलेला अर्धा आयनाच्या स्वभावात आहे. पाण्याला तो किती घट्ट धरतो, आणि प्रथिनाच्या पृष्ठभागाजवळ जातो की तिथून लांब राहतो?

टँकरची उपमा इथे थोडी सुधारून घ्यावी लागते. ती ऐकून वाटतं की सल्फेट येऊन प्रथिनाच्या अंगावरचं पाणी खेचून नेतं. तसं होत नाही. १९८० च्या दशकात सर्ज टिमाशेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनाच्या अगदी लगतच्या थरात मीठ किती आणि पाणी किती हे मोजलं. सल्फेटच्या द्रावणात त्या थरात पाणी उलट जास्त होतं आणि मीठ कमी. सल्फेट प्रथिनाच्या अंगाला लागत नाही. ते आपल्या पाण्यासकट दूर राहतं.

मग प्रथिन खाली का बसतं? प्रत्येक प्रथिनाभोवती मिठाला मज्जाव असलेला पाण्याचा एक थर राखायचा, हे ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडतं. बाहेर मीठ जेवढं दाट, तेवढी ही किंमत जास्त. दहा लाडू सुटे सुटे कागदात गुंडाळायचे तर कागद किती लागतो आणि ते दहाही एका पुडीत बांधायचे तर किती लागतो, याचा विचार करा. प्रथिनं एकमेकांना चिकटली की त्यांचा उघडा पृष्ठभाग घटतो, राखायचा थर घटतो, मोकळं झालेलं पाणी मिठाला मिळतं. चिकटायला जागाही तयार असतात. प्रथिनाच्या पृष्ठभागावर तेलकट स्वभावाचे, पाणी न मानवणारे डाग असतात. एरवी पाणी त्यांच्याभोवती कसंबसं रचून बसलेलं असतं. मिठाच्या ओढाताणीत ते बसणं परवडत नाही. मग डागाला डाग लागतो आणि पुंजका होतो.

ज्या प्रथिनाच्या अंगावर असे डाग जास्त, ते आधी बाहेर पडतं. आकाराने मोठं असलेलंही साधारणपणे आधी पडतं. म्हणून मीठ हळूहळू वाढवत नेलं तर प्रथिनं एकेक करून खाली बसतात आणि वेगळी काढता येतात. या पद्धतीचा सगळा उपयोग इथेच आहे.

एका अंड्याचा हिशेब

हे प्रत्यक्षात कसं करतात ते एका ताज्या अंड्यावर बघू. अंड्याचं पांढरं साधारण ३० मिलिलिटर निघतं. त्यात प्रथिन सुमारे दहा टक्के, म्हणजे तीन ग्रॅम. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त ओव्हअल्ब्युमिन हे एकच प्रथिन असतं. आपल्याला ते हवं आहे. पांढऱ्यात ६० मिलिलिटर सलाइन घालून हलक्या हाताने ढवळलं आणि गाळलं, म्हणजे द्रावण झालं ९० मिलिलिटर.

आता ते अर्धसंपृक्त करायचं. एक मार्ग सुरुवातीला सांगितलाच, ९० मिलिलिटर संपृक्त द्रावण ओतायचं. पण त्यामुळे एकूण माल दुप्पट, १८० मिलिलिटर होतो. म्हणून मोठ्या कामात कोरडं मीठच घालतात. विद्यार्थी इथे हमखास चुकतात. त्यांचा हिशेब असा असतो: संपृक्त म्हणजे लिटरला ४.१ मोल, निम्मं २.०५, एका मोलचं वजन १३२ ग्रॅम, म्हणजे लिटरला २७१ ग्रॅम. ९० मिलिलिटरला २४ ग्रॅम. हिशेब चोख दिसतो. पण मीठ विरघळताना जागा घेतं. दर ग्रॅममागे द्रावण अर्ध्या मिलिलिटरहून थोडं जास्त फुगतं. ९० चे १०३ मिलिलिटर होतात आणि संपृक्तता ४४ टक्क्यांवरच राहते. म्हणून प्रत्येक लॅबच्या भिंतीवर अमोनियम सल्फेटचा तक्ता चिकटवलेला असतो, ज्यात हे फुगणं धरलेलं असतं. २५ अंश तापमानाला शून्यापासून ५० टक्क्यांपर्यंत जायला लिटरला ३१३ ग्रॅम, असं तो सांगतो. आपल्या ९० मिलिलिटरला २८ ग्रॅम.

हे २८ ग्रॅम एकदम टाकायचे नाहीत. खडे खलबत्त्यात बारीक करून चिमटीचिमटीने घालायचे, आधीची चिमूट विरघळल्यावर पुढची. कारण खडा जिथे पडतो तिथे क्षणभर मीठ प्रमाणाबाहेर दाट होतं. जे प्रथिन पुढच्या टप्प्यावर यायचं तेही तिथे खाली बसतं आणि पुंजक्यात अडकतं. ढवळणंही जपून. फेस आला की फेसाच्या पडद्यावर प्रथिन पसरतं आणि त्याची घडी मोडते. ते मग पाण्यात परतत नाही. केकसाठी अंडं फेटणाऱ्याला जे हवं असतं, तेच इथे नको असतं.

अर्धा तास थांबलं की ग्लोब्युलिनांचा साका गाळून घ्यायचा. गाळणकागदाखाली जमलेलं पाणी स्वच्छ असतं. त्यात आपलं अल्ब्युमिन आहे. आता मिठाला हात न लावता दुसरी कळ फिरवायची. १८९८ मध्ये फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स आणि पिंकस यांनी दाखवलेली ही युक्ती आहे. दहा टक्के अॅसिटिक आम्ल थेंबाथेंबाने घालत जायचं आणि न जाणारा गढूळपणा आला की थांबायचं. ओव्हअल्ब्युमिनवर एरवी ऋण भार जास्त असतो, त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना ढकलतात. आम्लाने पीएच साडेचारच्या जवळ आलं की धन आणि ऋण समसमान होतात आणि ढकलणं थांबतं. मीठ तेवढंच, पण विद्राव्यता खाली येते. भांडं झाकून रात्रभर ठेवायचं.

सकाळी तळाशी पांढरं काहीतरी बसलेलं दिसतं. भांडं हळूच गोल फिरवलं की त्यात रेशमासारखी झाक लहरत जाते. साध्या साक्यात ती दिसत नाही. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला की बारीक सुयांचे जुडगे दिसतात. ते प्रथिनाचे स्फटिक. हॉफमाइस्टर यांनी अमोनियम सल्फेटच्या द्रावणातूनच १८९० च्या सुमारास अंड्यातल्या अल्ब्युमिनचे स्फटिक मिळवले होते. अंड्याच्या बुळबुळीत पांढऱ्यातून साखरेसारखा नीट रचलेला स्फटिक निघतो, हे त्या काळी नवल होतं.

कुठे फसतं

पहिली चूक बाटलीतच असते. संपृक्त द्रावणाच्या बाटलीत तळाशी न विरघळलेले खडे दिसले पाहिजेत. ते नसतील तर कुणीतरी पाणी घातलंय किंवा मीठ कमी पडलंय, आणि बाटलीवरचं ‘संपृक्त’ हे लेबल खोटं आहे.

दुसरी फसगत दरवर्षी निदान दोन टेबलांवर घडायची. गाळून आलेल्या पाण्यात प्रथिन उरलंय का हे बघायला बाययुरेट चाचणी करतात. कॉस्टिक सोडा आणि मोरचूद घातल्यावर जांभळा रंग आला की प्रथिन आहे. पण इथे गडद निळा रंग यायचा आणि नळीतून नाकात झिणझिण्या आणणारा वास. “सर, जांभळा नाही, निळा आलाय!” कॉस्टिकमुळे अमोनियमचा अमोनिया झालेला असायचा आणि मोरचुदातल्या तांब्याला धरून तो निळा रंग द्यायचा. त्याखाली जांभळा झाकला जायचा. उपाय एकच, अशा द्रावणाला ४० टक्क्यांचा कॉस्टिक सोडा भरपूर घालायचा. अमोनियम सल्फेटसोबत अल्कधर्मी द्रावण वापरायचं नाही, हाही धडा त्यातच आला. पीएच आठच्या वर गेलं की अमोनिया सुटू लागतो.

तिसरी चूक अनुभवी माणसंही करतात. दुसऱ्याच्या वहीत लिहिलेलं असतं, ‘४५ टक्क्यांना एन्झाइम खाली बसतं.’ आपण ४५ टक्के करतो आणि काहीच बसत नाही. का, याचं उत्तर एडविन कोन यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या समीकरणात आहे:

log S = β − Ks·I

S ही प्रथिनाची विद्राव्यता, I आयनिक स्ट्रेंग्थ. Ks हा आकडा प्रथिन आणि मीठ यांच्या जोडीवर ठरतो, β हा प्रथिन, पीएच आणि तापमान यांवर. समजा Ks एक आहे. मग आयनिक स्ट्रेंग्थ एकाने वाढली की विद्राव्यता दहाव्या हिश्शावर येते. अमोनियम सल्फेटच्या भाषेत आयनिक स्ट्रेंग्थ एकने वाढणं म्हणजे संपृक्ततेत फक्त आठ टक्क्यांची भर. उतार एवढा तीव्र आहे म्हणून तर प्रथिनं वेगळी होतात.

पण याची दुसरी बाजूही आहे. ज्याच्या वहीतून आपण आकडा घेतला त्याच्या द्रावणात लिटरला दहा ग्रॅम प्रथिन होतं, आपल्याकडे एकच ग्रॅम आहे. विद्राव्यता दहा ग्रॅमच्या खाली आली तेव्हा त्याचं प्रथिन बसायला लागलं. आपलं बसायला ती एक ग्रॅमच्या खाली यायला हवी, म्हणजे आणखी आठ टक्के मीठ हवं. ४५ टक्के हा आकडा त्या प्रथिनाचा नव्हता, तो त्या दिवशीच्या द्रावणाचा होता. म्हणून नव्या नमुन्याचं थोडं थोडं घेऊन आधी २०, ३०, ४०, ५० टक्के असं करून बघतात आणि आपला आकडा आपण काढतात.

मीठ काढायचं कसं?

साका मिळाला तरी त्यात मीठ भरलेलं असतं. पाण्यात विरघळवलं की प्रथिनासोबत तेही येतं. मग ते द्रावण डायलिसिसच्या पिशवीत भरतात. सॉसेजच्या आवरणासारखी ही पारदर्शक नळी असते, दोन्ही टोकांना गाठ मारायची. तिच्या छिद्रांतून मीठ जातं, प्रथिन जात नाही. पिशवी बफरच्या मोठ्या भांड्यात सोडायची. नवखा माणूस ती गच्च भरतो. आतलं मीठ बाहेर पडायच्या आधी बाहेरचं पाणी आत शिरतं, पिशवी तट्ट फुगते आणि सकाळी भांड्यात फाटलेली पिशवी आणि विरून गेलेलं प्रथिन. म्हणून निम्मी जागा मोकळी सोडायची.

मीठ संपलं हे कळायला बाहेरच्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकतात. पांढरं झालं तर सल्फेट अजून निघतंय, पाणी बदला. पाणी बदलून काही तासांनीही थेंब स्वच्छ राहिला की काम झालं.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं

आपल्याकडे अंड्याच्या प्रयोगाचा हा मोठा भाऊ सर्पदंशाच्या औषधात भेटतो. प्रतिविष म्हटलं की मराठी माणसाला परळचं हाफकिन आठवतं. भारतात मिळणारं प्रतिविष चार सापांविरुद्ध असतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोड्यांना विषाच्या अगदी लहान, वाढत्या मात्रा देतात, त्यांच्या रक्तात विषाविरुद्धची प्रतिपिंडं तयार होतात आणि रक्तातला द्रव वेगळा काढतात. पण त्या द्रवात प्रतिपिंडांसोबत अल्ब्युमिन असतं, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन असतं आणि इतरही पुष्कळ. हे सगळं माणसाच्या शिरेत सोडायचं नसतं.

या कामाच्या रूढ पद्धतीत आधी आम्लात पेप्सिन घालून प्रतिपिंडाचं शेपूट कापतात, कारण विष पकडणारे हात दुसऱ्या टोकाला असतात आणि शेपटाचा उपयोग फक्त त्रासाला. मग अमोनियम सल्फेटची लहान मात्रा आणि सुमारे ५६ अंशांची ऊब देतात. नको असलेला पुष्कळ भाग बसतो, तो गाळून टाकतात. मग मिठाची मोठी मात्रा. आता प्रतिपिंडांचे हात खाली बसतात आणि अल्ब्युमिन वर विरघळलेलं राहतं. आपल्या ९० मिलिलिटरमध्ये झालं तेच, फक्त टाक्यांमध्ये.

या पद्धतीची मर्यादाही इथेच दिसते. जे हवं तेच खाली बसवायचं, मग पुन्हा विरघळवायचं. त्या जाण्यायेण्यात थोडं प्रथिन पुंजक्यातून सुटत नाही. तोटा होतो आणि उरलेल्या पुंजक्यांनी रुग्णाला त्रास होऊ शकतो. म्हणून काही ठिकाणी आता उलट पद्धत वापरतात. कॅप्रिलिक आम्ल घालून बाकीची प्रथिनं खाली बसवायची आणि प्रतिपिंडांना विरघळलेलंच ठेवायचं.

शेवटी मीठ काढलेलं प्रतिविष थंडीत वाळवून भुकटीच्या रूपात कुपीत भरतात. ग्रामीण रुग्णालयात रात्री सर्पदंशाचा रुग्ण आला की सिस्टर कुपीत दहा मिलिलिटर शुद्ध पाणी सोडते आणि कुपी दोन तळहातांत धरून गोल गोल फिरवते. जोरात हलवत नाही, कारण फेस येतो. भुकटी विरघळायला काही मिनिटं लागतात आणि ती घाईची मिनिटं असतात. ती कुपी उजेडाकडे धरते, आत पुंजका तर राहिला नाही ना बघते, आणि पाणी नितळ दिसलं की सुईकडे हात नेते.